भोपळ्याचं फूल सकाळीच मोकळं करावं

भोपळ्याच्या फुलांची भजी बिघडली की दोष पिठाला दिला जातो. बेसन जास्त झालं, पाणी जास्त झालं, तेल नीट तापलं नव्हतं. कधी ते खरंही असतं. पण भजी कढईतून काढताच मऊ पडते, मधोमध ओलसर गोळा लागतो, एखादा घास कडसर येतो, पाकळी पिठात नाहीशीच होते, या सगळ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा फूल तोडल्यानंतरच्या पाच-सहा तासांत असतं. घरोघरी कामाचा क्रम असा असतो: फुलं सकाळी तोडायची, ओट्यावर ठेवून द्यायची, भजी करायच्या वेळी भांडंभर पाण्यात टाकून धुवायची आणि मग मिटलेली, ओली फुलं एकेक उलगडून आतली दांडी काढायची. हा क्रम नेमका उलटा हवा. दांडी आधी, फूल उघडं असतानाच काढावी. मग फूल कोरडंच ठेवावं. आणि पाणी लावायचंच असेल तर सगळ्यात शेवटी, तळणीच्या तोंडावर. असं का, ते फुलाची घडण आणि त्याचं आयुष्य पाहिलं की आपोआप कळतं.

लाल भोपळा, म्हणजे कुठे डांगर, कुठे गंगाफळ, कुठे काशीफळ. त्याचं फूल एकाच सकाळचं असतं. पहाटे उमलतं, ऊन चढू लागलं की नऊ-दहाच्या सुमारास मिटायला लागतं आणि एकदा मिटलं की पुन्हा उघडत नाही. ढगाळ, गार दिवशी ते थोडं जास्त वेळ उघडं राहतं, एवढाच फरक. दुसरी गोष्ट अशी की आपण पाच पाकळ्या म्हणतो खऱ्या, पण त्या सुट्या नसतात. त्या बुडापासून जुळून एक घंटा तयार होते आणि फक्त वरची पाच टोकं वेगळी होतात. प्रत्येक पाकळीच्या मधून एक जाड शीर बुडापासून टोकापर्यंत जाते आणि दोन शिरांमधला पडदा इतका पातळ असतो की उजेडात धरला तर पलीकडचं बोट दिसतं. मिटताना ही टोकं आत वळतात आणि एकमेकांवर पिळली जातात. असं पिळलेलं फूल दुपारी उलगडायला गेलं की शीर टिकते आणि पडदा फाटतो. सकाळी सात वाजता तेच फूल तोंड वासून असतं, दोन बोटं सहज आत जातात, पाकळीला हातही लागत नाही. दांडी काढण्याची वेळ त्या फुलानेच ठरवून दिलेली आहे, ती अशी.

आधी कोणतं फूल घ्यायचं ते ठरवू. वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नराचा देठ लांब आणि सडपातळ, मादीचा आखूड आणि जाड, आणि मादीच्या फुलाखाली सुपारीएवढा भोपळा आधीपासूनच बसलेला दिसतो. नर फुलं आधी येतात आणि संख्येनेही बरीच जास्त येतात. तळणीसाठी तीच घ्यावीत. यावर शंका निघते की नर फुलं तोडली तर वेल धरणार कसा? शंका रास्त आहे, म्हणूनच सगळी तोडू नयेत. वेलावर दोन-तीन उघडी नर फुलं मधमाश्यांसाठी रोज राहू द्यावीत. शिवाय त्याच सकाळी एखादं मादी फूल उमललेलं असेल, तर काढलेली दांडी टाकून न देता तिची पिवळी पूड मादीच्या मधल्या जाड, फुगीर भागावर हलकेच टेकवून फिरवावी. पावसाळ्यात मधमाश्या कमी फिरतात, तेव्हा परसबागेत फळ धरायला याचा खरोखर उपयोग होतो. म्हणजे पाकळ्या कढईला आणि पराग वेलाला. एका फुलातून दोन्ही साधतं, पण सकाळीच; दुपारी दोन्ही फुलं मिटलेली असतात.

आता प्रत्यक्ष दांडी. नर फुलाच्या तळाशी तीन पुंकेसर असतात. त्यांची टोकं एकमेकांत जुळून बोटाच्या पेराएवढा एक पिवळा-नारिंगी खांब होतो. त्या खांबावर चिकट पराग असतो आणि बोटाला लागला की सहजी सुटत नाही. खांबाच्या खाली, फुलाच्या अगदी बुडात, मधाची छोटीशी वाटी असते आणि मुंग्या, बारीक भुंगेरे तिथेच सापडतात. फूल डाव्या हाताच्या तळव्यात बुडाकडून धरावं, पाकळ्या मोकळ्या वर असू द्याव्यात. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी पाकळीला न घासता सरळ खाली न्यावीत, खांब वरून न धरता जितका खालून धरता येईल तितका खालून धरावा आणि वर न ओढता एका बाजूला कलता करावा. ‘टक्’ असा बारीकसा आवाज येतो आणि खांब बुडातून तुटतो. सरळ वर ओढला तर तो मधेच तुटतो, पराग पाकळीभर सांडतो आणि बुडखा आतच राहतो. बोटं जाड असतील तर बोथट चिमटा वापरावा. कात्री वापरू नये, कारण तिचं टोक बुडाला भोक पाडतं आणि पुढे पीठ आत शिरून फूल जड होतं. खांब निघाला की फूल उलटं करून देठावर टिचकी मारावी. उरलेला पराग आणि मुंग्या खाली पडतात. त्यानंतर बुडाबाहेरची हिरवी, दोऱ्यासारखी पाच निदलं खाली ओढून काढावीत. ती खरखरीत असतात आणि तळल्यावरही घशाला टोचतात. देठावरही तशीच लव असते. देठ ठेवायचा असेल तर बोटभरच ठेवावा आणि त्यावरची साल एका टोकाकडून दोऱ्यासारखी सोलून घ्यावी.

काहीजण म्हणतील, दांडी काढायचा एवढा खटाटोप कशाला, ती विषारी थोडीच आहे? नाहीच. कित्येक घरांत ती तशीच ठेवून भजी करतात आणि कुणाला काही होत नाही. तरीही ती काढावी असं मी म्हणतो, त्याची कारणं पोटाशी नाहीत, तळणीशी जोडलेली आहेत. पाकळी कागदासारखी पातळ असते, तिच्यावरचं पीठ खरपूस व्हायला लागणाऱ्या दोन-अडीच मिनिटांत ती पूर्ण शिजते. खांब मात्र गच्च आणि रसदार असतो. तेवढ्या वेळात तो नीट शिजत नाही, आणि शिजवायचा म्हटलं तर तोवर पाकळी करपते. शिवाय तळून काढल्यावर त्यातलं पाणी वाफ होऊन आतून बाहेर येत राहतं आणि बाहेरचं कुरकुरीत कवच पाच मिनिटांत मऊ पडतं. पराग ओला झाला की त्याची चिकट पेस्ट होते, ती पाकळ्या आतून एकमेकींना जोडते आणि मग पीठ सगळीकडे सारखं बसत नाही. कडसरपणाही बहुतेक या खांबातच असतो. खात्री करायची असेल तर एक तुकडा खांबाचा आणि एक पाकळीचा वेगवेगळा चावून पाहावा. पाकळी सौम्य, किंचित गोडसर लागते. पाकळीच कडूजार लागली तर मात्र गोष्ट वेगळी. अशा वेलाची फुलं खाऊच नयेत, कारण भोपळवर्गातला असा तीव्र कडवटपणा शिजवून जात नाही आणि तो पोटाला बाधतो. दुधी कडू निघाला तर आपण तो टाकून देतो, तोच नियम इथे.

चुकून मादी फूल हाती आलं तर त्यातला मधला भाग खांबासारखा सुटा निघत नाही. तो खालच्या कोवळ्या भोपळ्याला धरून असतो, ओढला तर फुलाचं बूडच सुटतं. तो तसाच राहू द्यावा, कोवळ्या फळाचे उभे दोन काप करून मग तळावं.

बाजारातून आणलेल्या फुलांचा प्रश्न जरा अवघड असतो. मंडईत जुडी हाती येते तेव्हा नऊ-दहा वाजून गेलेले असतात आणि फुलं मिटलेली असतात. ती पुन्हा उघडण्याच्या फंदात पडू नये. मिटलेल्या फुलाची पिळलेली टोकं सोडवायला गेलं की हमखास फाटतात. त्याऐवजी बाजूने जावं. दोन शिरांच्या मधला पडदा बुडापासून वरपर्यंत नखाने किंवा सुरीच्या टोकाने एकाच रेषेत उभा चिरावा, फूल पुस्तकासारखं उघडावं, खांब काढावा आणि पडदा पुन्हा जागेवर आणावा. असं फूल सारण भरायला चालत नाही, पण सपाट भजीसाठी उत्तम. आपल्याकडे बहुतेक भजी सपाटच असते. बंगालात कुमडो फुलाचे बोरा करतात तेही पातळ कवचातच. फूल अखंड ठेवून भरायचंच असेल तर मात्र सकाळी उमललेलंच हवं, त्याला पर्याय नाही. आणखी एक लक्षात ठेवावं: फवारणी झालेल्या वेलाचं फूल धुऊन स्वच्छ होत नाही, कारण औषध त्या घंटेच्या आत साचतं. लाल भुंगेऱ्यांसाठी वेलावर औषध मारलं असेल तर त्या दिवसांतली फुलं खाण्यासाठी तोडू नयेत, आणि विकत घेताना विचारून घ्यावं.

आता कोमेजण्याविषयी. या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की सगळे उपाय चुकतात. पहिली गोष्ट म्हणजे पाणी उडून जाणं. पाकळी पातळ, तिचा पसारा मोठा, त्यामुळे पंख्याखाली किंवा गॅसच्या शेगडीजवळ ती अर्ध्या तासात लुळी पडते. पण रंग तोच असतो, कडा कोरड्या असतात आणि हाताला ती धुतलेल्या मलमलीसारखी लागते. असं फूल सावरता येतं. देठाचं टोक नव्याने कापून दोन बोटं गार पाण्यात उभं ठेवलं की बऱ्यापैकी ताठ होतं. दुसरी गोष्ट म्हणजे वय. फुलाचा दिवस संपला की पाकळीच्या पेशी स्वतःच मोडायला लागतात आणि त्यांतला रस बाहेर येतो. तेव्हा कडा काचेसारख्या पारदर्शक होतात, टोकं एकमेकांना चिकटतात, बोटाला बुळबुळीत लागतं आणि किंचित आंबूस वास येतो. ही पाकळी पाण्यात ठेवून, बर्फात ठेवून, कशानेही परत येत नाही. म्हणून फूल कसं ताजं करायचं या प्रश्नाआधी, ते कोणत्या कारणाने मलूल झालंय ते बोटाने पाहून घ्यावं. मलमलीसारखं असेल तर देठ पाण्यात. बुळबुळीत असेल तर खतात.

हे वय गारव्याने लांबवता येतं आणि पाणी उडणं झाकणाने थांबवता येतं. दोन्ही गोष्टी मिळून साठवण होते. पसरट डबा घ्यावा, तळाशी कोरडा पंचा किंवा जाड टिपकागद घालावा, दांडी काढलेली फुलं एकाच थरात, एकमेकांना न चेपता आडवी मांडावीत. त्यांच्यावर पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला फडका असा ठेवावा की तो पाकळ्यांना टेकणार नाही. डब्याच्या काठावर ताणून बसवला तरी चालतो. मग झाकण लावून डबा फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावा. वरच्या थंडगार कप्प्यात, मागच्या भिंतीला लागून ठेवू नये. तिथे पाकळी गोठते आणि बाहेर काढताच पाणचट डाग पडतात. असं ठेवलेलं फूल संध्याकाळपर्यंत उत्तम राहतं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतं. त्यापुढे ठेवू नये. फ्रिज नसेल तर लांब देठाची फुलं पाण्याच्या पेल्यात उभी करून माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवावीत, तीन-चार तास निघतात.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वरवर बिनतोड दिसतो. मोगऱ्याच्या गजऱ्यावर पाणी मारतात, पालेभाजीच्या जुडीवर पाणी मारतात, मग या फुलांवर का मारू नये? फरक पाकळीच्या घडणीत आहे. मोगऱ्याची कळी घट्ट आणि गुळगुळीत असते, पाण्याचा थेंब तिच्यावरून निथळतो. पालेभाजीचं पान भोपळ्याच्या पाकळीपेक्षा कितीतरी जाड. भोपळ्याच्या मिटलेल्या पाकळीत मात्र पाणी घड्यांमध्ये अडकून बसतं, बाहेर येत नाही आणि सुकतही नाही. जिथे दोन पाकळ्या ओल्या होऊन चिकटतात तिथूनच बुळबुळ सुरू होते. दमट हवा हवी, पण पाकळीवर पाणी नको. पावसात भिजलेल्या फुलांचंही हेच. श्रावणसरींत सकाळी फुलं अक्षरशः पेल्यासारखी भरलेली असतात. ती तोडताना उलटी करून पाणी ओतून टाकावं, चाळणीवर तोंडं खाली करून दहा-पंधरा मिनिटं पंख्यापासून दूर ठेवावीत आणि मगच डब्यात घालावीत.

धुण्याबद्दलही तेच. स्वतःच्या वेलाची, टिचकी मारून झटकलेली फुलं धुवायची गरज बहुधा पडत नाही. ओल्या, पिळलेल्या कापडाने बाहेरून टिपून घेतली की पुरे. धुवायचीच असतील तर भांड्यातल्या गार पाण्यात एकेक फूल एकदा बुडवून लगेच काढावं, नळाच्या धारेखाली धरू नये, आणि टिपकागदावर उलटं ठेवावं. किडे निघावेत म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची सवय फ्लॉवरला योग्य आहे, इथे नाही. मीठ पाकळीतलं पाणी ओढून घेतं आणि पाच-दहा मिनिटांत ताठ फूल लुळं पडतं. किड्यांसाठी मीठ लागतच नाही. फूल सकाळी उघडं असताना मोकळं केलेलं असलं की आत लपायला जागाच उरत नाही.

एक रविवार धरू. सोळा फुलं, संध्याकाळी पाचला चहाबरोबर चौघांसाठी भजी. सकाळी साडेसहा-सातला फुलं देठासकट तोडली, वेलापाशीच खांब काढले, साडेसातपर्यंत डबा फ्रिजमध्ये गेला. चार वाजता तो बाहेर काढला आणि प्रत्येक फूल बोटाने तपासलं. एखादं बुळबुळीत निघालं तर बाजूला. साडेचारला पीठ: पाऊण वाटी बेसन, पाव वाटी तांदळाचं पीठ, चिमूटभर हिंग, पाव चमचा ओवा चोळून, पाव चमचा हळद, अर्धा चमचा तिखट आणि फ्रिजमधलं गार पाणी साधारण पाऊण वाटी, पण हळूहळू आणि लागेल तेवढंच. चमच्याच्या मागच्या बाजूवर पातळ साय बसावी इतपत सैल. हे पीठ कांदाभजीपेक्षा बरंच पातळ असतं. दाट पिठात पाकळी फाटते आणि चव नुसत्या बेसनाची लागते. मीठ आत्ता घालायचं नाही. पावणेपाचला तेल तापत ठेवलं. पिठाचा थेंब तळाशी जाऊन लगेच वर आला आणि जळला नाही की तेल तयार. आता मीठ घालून पीठ ढवळलं, फूल देठाने धरून बुडवलं, भांड्याच्या काठावर एकदा निथळलं आणि पाकळ्या हलक्या पसरून तेलात आडवं सोडलं. एका वेळी तीन-चारच, नाहीतर तेल थंड पडतं. एक बाजू दीड मिनिट, उलटून एक मिनिट. झाऱ्यावर निथळवून जाळीवर ठेवलं. कागदावर ठेवलं तर खालच्या वाफेने ती बाजू ओली होते.

तेलात सोडताच फूल फार तडतडलं तर ते ओलं होतं, पुढचं टिपून घ्यावं. फुग्यासारखं फुगून तेल उडालं तर तोंड मिटलेलं होतं आणि आत हवा-पाणी कोंडलं होतं. पुढच्याला बाजूने चीर द्यावी. भजी बाहेरून झाली पण मधे गोळा लागला, तर खांबाचा बुडखा आत राहिला. आणि फूल पिठात बुडवल्याबरोबर चिंधीसारखं लोंबू लागलं, तर त्याचं वय उलटलेलं होतं. तेवढं एक फूल बाजूला काढा. उरलेल्या पिठात बारीक चिरलेली मेथी किंवा कांदा घालून भजी करता येते. पण मलूल फूल तळून ताजं होत नाही.